एकाच मोजणीची दोन उत्तरे: T.TEST मधला शेवटचा आकडा आणि व्यवस्थापकांना द्यायचा निष्कर्ष

प्रश्न: आमच्या विभागातल्या १२ कर्मचाऱ्यांना एक अर्ज नोंदवायला जुन्या स्क्रीनवर किती मिनिटे लागतात आणि नव्या स्क्रीनवर किती, हे मोजले. सरासरी १९ मिनिटांवरून १७ वर आली. स्प्रेडशीटमध्ये T.TEST लावल्यावर मला ०.३२ आले, सहकाऱ्याने त्याच आकड्यांवर लावल्यावर ०.०००९ आले. खरे कोणते? आणि सांख्यिकी न शिकलेल्या माझ्या व्यवस्थापकांना हे कसे सांगू? आकडे सोबत दिले आहेत.

उत्तर:

या मोजणीसाठी आपल्या सहकाऱ्याचे उत्तर योग्य आहे. तरी आपल्या सूत्रात टंकनाची चूक झाली आहे असेही नाही. आपण दोघांनी स्प्रेडशीटला दोन वेगळे प्रश्न विचारले आणि तिने दोन्हींची बरोबर उत्तरे दिली. T.TEST च्या कंसातला शेवटचा आकडा आपण बहुधा ३ ठेवला असणार आणि सहकाऱ्याने १. हा आकडा म्हणजे मोजणी कशी झाली याचे स्प्रेडशीटला दिलेले वर्णन असते, आणि ते चुकले की पुढचे सगळे गणित बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो. म्हणून आधी हा फरक नीट उलगडतो. व्यवस्थापकांना काय सांगायचे, हे त्यातूनच निघते.

आपले आकडे मी खाली पुन्हा मांडले आहेत. शेवटचा रकाना मी वाढवला असून त्यात जुन्या वेळेतून नवा वेळ वजा केला आहे.

| कर्मचारी | जुनी स्क्रीन | नवी स्क्रीन | फरक |
|---|---|---|---|
| १ | १४ | १२ | २ |
| २ | २२ | १९ | ३ |
| ३ | १७ | १७ | ० |
| ४ | २५ | २३ | २ |
| ५ | १२ | ११ | १ |
| ६ | १९ | १५ | ४ |
| ७ | २८ | २६ | २ |
| ८ | १६ | १७ | −१ |
| ९ | २१ | १८ | ३ |
| १० | १३ | १२ | १ |
| ११ | २४ | २० | ४ |
| १२ | १७ | १४ | ३ |

आता जुन्या स्क्रीनचा रकाना वरून खाली वाचून पाहा. पाचव्या कर्मचाऱ्याला १२ मिनिटे लागतात आणि सातव्याला २८. माणसामाणसांतला हा फरक मोठा आहे, आणि त्याचा स्क्रीनशी काहीही संबंध नाही, कारण नव्या स्क्रीनवरही पाचवा कर्मचारी सर्वांत जलद आहे आणि सातवा सर्वांत सावकाश. शेवटी ३ लिहिले की स्प्रेडशीट असे समजते की जुन्या स्क्रीनवर काम करणारे १२ जण वेगळे होते आणि नव्या स्क्रीनवर काम करणारे १२ जण वेगळे. असे असते, तर सरासरीतला २ मिनिटांचा फरक केवळ दुसऱ्या गटात योगायोगाने दोन-तीन जलद माणसे आल्यामुळेही पडू शकला असता. माणसामाणसांत १६ मिनिटांची तफावत असताना २ मिनिटांच्या फरकावरून काही ठामपणे सांगता येत नाही, म्हणून उत्तर ०.३२ येते. तो प्रश्न विचारला असता तर हे उत्तर अगदी रास्त आहे.

परंतु आपल्याकडे दोन्ही रकान्यांत तीच माणसे आहेत. सातव्या कर्मचाऱ्याची तुलना पाचव्याशी करण्याचे कारणच नाही. त्याची तुलना त्याच्याच जुन्या वेळेशी करायची आहे. शेवटी १ लिहिल्यावर स्प्रेडशीट नेमके हेच करते. ती पहिले दोन रकाने बाजूला ठेवून फक्त फरकाच्या रकान्याकडे पाहते आणि विचारते: खरा सरासरी फरक शून्य असता, तर हे १२ फरक असे दिसले असते का? या रकान्यात −१ पासून ४ पर्यंतचेच आकडे आहेत. माणसामाणसांतली १६ मिनिटांची तफावत वजाबाकीत निघून गेली आहे. याला जोडीची टी-टेस्ट म्हणतात, आणि एकाच माणसाची, यंत्राची किंवा शाखेची आधीची व नंतरची मोजणी असेल तेव्हा हीच वापरायची.

शीटमध्ये मी हे असे मांडतो. A मध्ये कर्मचारी क्रमांक, B मध्ये जुना वेळ, C मध्ये नवा वेळ आणि D मध्ये फरक, दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत.

```
=B2-C2
=AVERAGE(D2:D13)
=STDEV.S(D2:D13)
=T.TEST(B2:B13,C2:C13,2,1)
```

पहिले सूत्र D2 मध्ये लिहून खाली ओढायचे आणि उरलेली तीन बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये लिहायची. सरासरी फरक २ येतो, फरक किती पसरलेले आहेत हे सांगणारे त्यांचे प्रमाण विचलन सुमारे १.५४ येते आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे T.TEST चे उत्तर, ०.०००९. हे आकडे कुठून आले, हे एकदा हाताने करून पाहावे असा माझा आग्रह असतो, कारण मग पुढच्या वेळी चुकीचे उत्तर डोळ्यांना खटकते. १.५४ ला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.४६ ने भागले की सुमारे ०.४४ मिळते. बारा जणांच्या सरासरी फरकात योगायोगाने साधारण एवढी चढउतार होत असते. आपला २ मिनिटांचा फरक या चढउतारीच्या साडेचार पट आहे. केवळ योगायोगाने साडेचार पट फरक क्वचितच पडतो, आणि किती क्वचित हेच ०.०००९ सांगते. आपल्या सूत्रात या ०.४४ च्या जागी सुमारे १.९७ येते, कारण त्यात माणसामाणसांतली सगळी तफावत धरलेली असते. तेच २ मिनिटे तिथे चढउतारीच्या जेमतेम एक पट ठरतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. १ लिहायचे की ३, हे मोजणी कशी झाली त्यावरून ठरते, कोणते उत्तर सोयीचे आले त्यावरून नाही. आपण बारा जणांना जुन्या स्क्रीनवर आणि दुसऱ्याच बारा जणांना नव्या स्क्रीनवर काम दिले असते, तर ३ हेच बरोबर ठरले असते आणि ०.३२ स्वीकारावे लागले असते. दोन्ही गट वेगळे असताना २ हाही पर्याय उपलब्ध असतो, पण तो दोन्ही गटांतली तफावत सारखी आहे असे धरून चालतो. ते गृहीत धरण्याचे कारण सहसा नसते, म्हणून मी वेगळ्या गटांसाठी सरळ ३ वापरतो. तिसऱ्या जागेवरचा २ मात्र निराळा आहे. त्याचा अर्थ असा की फरक कोणत्याही दिशेने पडला असता तरी आपण त्याची दखल घेतली असती. तिथे १ लिहिले की पी-व्हॅल्यू निम्मी होते, आणि निकाल पाहिल्यानंतर तसे करण्याचा मोह अनेकांना होतो. शिवाय सरासरी फरक अधिक आहे की उणे, हे T.TEST पाहतच नाही. नव्या स्क्रीनवर वेळ वाढला असता तरी त्या १ ने तितकेच लहान उत्तर दिले असते, आणि केवळ ते वाचून सुधारणा झाली असे समजणारा फसला असता. नवी स्क्रीन वेळ वाढवण्याचीही शक्यता असते, म्हणून येथे २ च ठेवावा.

व्यवस्थापकांकडे जाण्याआधी आणखी एक सूत्र लिहा. माझ्या मते पी-व्हॅल्यूपेक्षा तेच अधिक उपयोगाचे आहे.

```
=CONFIDENCE.T(0.05,STDEV.S(D2:D13),COUNT(D2:D13))
```

याचे उत्तर सुमारे ०.९८ येते. सरासरी फरकातून ते वजा करा आणि त्यात मिळवा, म्हणजे १.०२ ते २.९८ असा पट्टा मिळतो. ढोबळमानाने १ ते ३ मिनिटे. खरी सरासरी बचत यातली कितीही असू शकते, आणि आपले आकडे तिच्याशी सुसंगतच राहतात. काटेकोरपणे सांगायचे तर, अशा रीतीने काढलेले पट्टे दीर्घकाळात १०० पैकी साधारण ९५ वेळा खऱ्या फरकाला सामावून घेतात. हा पट्टा मिनिटांत असतो, आणि व्यवस्थापकांचा विचारही मिनिटांत, तासांत व माणसांत चालतो, म्हणून त्यांच्यापुढे हाच ठेवायचा.

याच पट्ट्यामुळे ०.३२ चा खरा अर्थही कळतो. दोन्ही गट वेगळे धरून पट्टा काढला, तर तो सुमारे −२ ते +६ मिनिटे असा येतो. म्हणजे त्या मांडणीत नवी स्क्रीन २ मिनिटे वाया घालवत असू शकते किंवा ६ मिनिटे वाचवतही असू शकते. याला ‘फरक नाही’ म्हणता येत नाही. एवढ्या मोजणीवरून सांगता येत नाही, इतकेच म्हणता येते. ०.०५ पेक्षा मोठी पी-व्हॅल्यू आली की ‘काही फरक पडला नाही’ असे लिहून मोकळे होण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि तिच्यामुळे चांगल्या सुधारणा बासनात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पट्टा सोबत लिहिला की ही चूक करणे अवघड होते.

आता आकडे शीटमध्ये कुठे बिघडतात त्याकडे वळतो. जोडीच्या चाचणीत सगळा अर्थ ओळीवर उभा असतो. दुसऱ्या ओळीतले दोन्ही आकडे त्याच कर्मचाऱ्याचे असलेच पाहिजेत. समजा, कोणी B रकाना चढत्या क्रमाने लावला आणि मग C रकानाही स्वतंत्रपणे तसाच लावला. मी आपल्याच आकड्यांवर हे करून पाहिले. दोन्ही सरासऱ्या अर्थातच जशाच्या तशा राहतात, सरासरी फरकही नेमका २ राहतो, पण फरकांचे प्रमाण विचलन १.५४ वरून १.०४ वर घसरते आणि पी-व्हॅल्यू ०.०००१ च्याही खाली जाते. म्हणजे जोड्या मोडल्या आणि निकाल मात्र अधिक भक्कम दिसू लागला. सरासरीकडे पाहून ही गडबड कधीच सापडणार नाही. म्हणून कर्मचारी क्रमांकाचा रकाना काढून टाकू नका, क्रम लावायचाच असेल तर चारही रकाने एकत्र निवडून लावा, आणि शेवटी दोन-तीन ओळी मूळ नोंदवहीशी ताडून पाहा. एखाद्या कर्मचाऱ्याची एकाच स्क्रीनवरची मोजणी असेल, तर ती ओळ या चाचणीतून पूर्ण काढा आणि ती काढल्याचे अहवालात लिहा.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे आकड्यासारखा दिसणारा मजकूर. दुसऱ्या प्रणालीतून आणलेल्या फाइलमध्ये एखादा १७ मजकूर म्हणून साठवलेला असतो. वजाबाकीत तो चालून जातो, पण AVERAGE त्याला वगळते. त्यामुळे B ची सरासरी वजा C ची सरासरी हे D च्या सरासरीशी जुळत नाही. हे दोन आकडे जुळतात का आणि COUNT प्रत्येक रकान्यात १२ दाखवते का, एवढे पाहिले तरी पुरते. वेळ तास-मिनिटांच्या स्वरूपात भरला असेल तर स्प्रेडशीट तो दिवसाचा अंश म्हणून साठवते, त्यामुळे सरासरी फरक ०.००१४ असा विचित्र दिसतो. १४४० ने गुणले की मिनिटे मिळतात. पी-व्हॅल्यूवर मात्र याचा परिणाम होत नाही.

तिसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. अकराव्या कर्मचाऱ्याचा जुना वेळ २४ च्या ऐवजी चुकून ४४ टंकला गेला असे धरा. त्याचा फरक ४ वरून २४ होतो आणि सरासरी फरक २ वरून ३.६७ वर जातो. बचत वाढलेली दिसते, तर निकाल आणखी ठोस व्हायला हवा असे वाटेल. प्रत्यक्षात पी-व्हॅल्यू ०.०८ च्या आसपास जाते, कारण त्या एका आकड्याने फरकांची तफावत सरासरीपेक्षाही अधिक फुगवली. नमुना लहान असताना एकच आकडा चाचणी उलटवू शकतो. म्हणून T.TEST लावण्याआधी D रकाना डोळ्यांखालून घालायचा, शक्य असल्यास त्याचा साधा आलेख काढायचा, आणि एखादा आकडा बाकीच्यांपासून फार दूर असेल तर मूळ नोंद तपासायची. नोंद खरी निघाली तर तो आकडा वगळायचा नाही.

अशा शंकेच्या वेळी मी एक अगदी साधी पडताळणी करतो, आणि आपल्यासारख्या प्रसंगी ती व्यवस्थापकांनाही लगेच पटते. फरक किती मोठा हे विसरून फक्त त्याची दिशा मोजायची. आपल्या १२ जणांपैकी १० जणांचा वेळ कमी झाला, एकाचा वाढला आणि एकाचा तेवढाच राहिला. बदल न झालेल्याला बाजूला ठेवले तर ११ पैकी १० जण एकाच दिशेला आहेत. स्क्रीनमुळे काहीच बदलले नसते, तर प्रत्येकाचा वेळ वाढण्याची किंवा घटण्याची शक्यता निम्मी-निम्मी असती. अशा स्थितीत अकरांतला एखादाच किंवा एकही नाही असा एका बाजूला पडण्याची शक्यता, दोन्ही दिशा धरून, या सूत्राने मिळते.

```
=2*BINOM.DIST(1,11,0.5,TRUE)
```

उत्तर सुमारे ०.०१२ येते. ते ०.०००९ इतके लहान नाही, कारण आपण मिनिटांची माहिती टाकून दिली, पण निष्कर्षाची दिशा तीच राहते. शिवाय ४४ ची टंकनचूक झाली असती तरी हे उत्तर तसूभरही हलले नसते. दोन्ही चाचण्या एकाच बाजूला झुकत असतील तर मी निर्धास्तपणे पुढे जातो. त्या विसंगत असतील तर D रकान्याकडे परत जातो.

प्रत्येक वेळ हा एका अर्जाचा नसून अनेक अर्जांची सरासरी असेल, तर ते उत्तमच आहे, पण मग सगळे अर्ज वेगवेगळ्या ओळींत टाकून १२ च्या जागी काही शे ओळींवर चाचणी लावू नका. एकाच माणसाचे वीस अर्ज म्हणजे वीस स्वतंत्र साक्षी होत नाहीत. तो माणूस जलद असेल तर वीसही वेळ कमीच येतात. तशाने पी-व्हॅल्यू विनाकारण आक्रसते. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक जोडी हेच या मोजणीचे एकक आहे.

आता व्यवस्थापकांबद्दल. त्यांना टी-टेस्टचे नाव, शून्य परिकल्पना किंवा पी-व्हॅल्यूची व्याख्या यांपासून सुरुवात करू नका. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: वेळ किती वाचतो, त्यावर कितपत विसंबता येईल, आणि त्यामुळे काय करायचे. याच क्रमाने सांगा. माझ्या अहवालातला परिच्छेद साधारण असा असता:

> ‘बारा कर्मचाऱ्यांनी दोन्ही स्क्रीनवर काम केले. नव्या स्क्रीनवर एका अर्जाला सरासरी २ मिनिटे कमी लागली (१९ ऐवजी १७). बारांपैकी दहा जणांचा वेळ कमी झाला, एकाचा तेवढाच राहिला व एकाचा १ मिनिटाने वाढला. मोजणी लहान असल्याने खरी सरासरी बचत नेमकी २ मिनिटेच असेल असे नाही. ती साधारण १ ते ३ मिनिटांच्या दरम्यान असावी. स्क्रीनमुळे काहीच बदलले नसते, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी होती.’

शेवटचे वाक्य काळजीपूर्वक वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ‘नवी स्क्रीन चांगली असण्याची ९९.९१ टक्के खात्री आहे’ असे ०.०००९ वरून म्हणता येत नाही. स्क्रीन निरुपयोगी आहे असे आधी मानून मग असे आकडे किती दुर्मीळ ठरतात, हे पी-व्हॅल्यू सांगते. स्क्रीन उपयोगी असण्याची शक्यता ती मोजतच नाही. व्यवस्थापकांनी ‘म्हणजे ९९ टक्के खात्री ना?’ असे विचारले, तर ‘खात्रीचा टक्का या चाचणीतून निघत नाही, निव्वळ योगायोग हे स्पष्टीकरण येथे फार दुबळे ठरते, इतके मात्र निघते’ असे उत्तर द्यावे. ०.०५ ही मर्यादा कुठून आली असे ते विचारू शकतात. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून वापरली आणि ती रूढ झाली. ०.०४९ आणि ०.०५१ यांत निर्णय उलटावा असे काही नसते, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

‘म्हणजे प्रत्येकाचे २ मिनिटे वाचतील?’ हा प्रश्न हमखास येतो. १ ते ३ हा पट्टा सरासरीचा आहे, माणसांचा नाही. व्यक्तिगत फरक −१ पासून ४ पर्यंत आहेत, आणि आठव्या कर्मचाऱ्याचा वेळ वाढला आहे. त्याला जाऊन विचारा. कदाचित त्या दिवशीचे अर्ज किचकट असतील, कदाचित नव्या स्क्रीनवरची एखादी कळ त्याला सापडत नसेल. एका मिनिटाची वाढ योगायोगही असू शकते, म्हणून त्यावरून सिद्धान्त उभारू नका, पण विचारायला काहीच लागत नाही.

यानंतर मिनिटांचे तास करा, कारण निर्णय तासांवर होतो. समजा, विभागात आठवड्याला ३०० अर्ज नोंदवले जातात. मग सरासरी बचत आठवड्याला १० तास होते, आणि पट्ट्याच्या दोन टोकांवर ५ तास व १५ तास. (यात काम सर्वांमध्ये साधारण सारखे वाटलेले आहे असे धरले आहे, एखादाच कर्मचारी निम्मे अर्ज करत असेल तर त्याच्या फरकाला जास्त वजन द्यावे लागेल.) आता व्यवस्थापकांना एकच गोष्ट विचारायची: आठवड्याला किती तास वाचले तर नवी स्क्रीन आणण्याचा खर्च व प्रशिक्षण त्यांना परवडेल? उत्तर ४ तास असेल, तर पट्ट्याचे खालचे टोकही त्याहून वर आहे आणि निर्णय घेता येतो. उत्तर २० तास असेल, तर वरचे टोकही तिथे पोहोचत नाही. पी-व्हॅल्यू कितीही लहान असली तरी ही स्क्रीन त्यांच्या कामाची नाही. उत्तर ८ तास असेल, तर ते पट्ट्याच्या आत पडते, आणि अशा वेळी आणखी कर्मचाऱ्यांवर मोजणी करा असे सांगणे हाच प्रामाणिक सल्ला आहे. साधारणपणे पट्ट्याची रुंदी निम्मी करायला चौपट जोड्या लागतात, म्हणजे येथे ४८ च्या आसपास. त्या मोजणीचा खर्च परवडतो का, हेही त्यांनाच ठरवू द्या.

शेवटी एक मर्यादा, जी कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही, आणि आपल्या प्रश्नात तिच्याबद्दल काही लिहिलेले नाही. सर्वांनी आधी जुनी स्क्रीन वापरली आणि नंतर नवी, असे झाले का? तसे असेल तर या २ मिनिटांत सरावाचा वाटा किती, दुसऱ्या आठवड्यातले अर्ज सोपे होते का, मोजले जात आहे हे माहीत असल्याने माणसे घाईने काम करत होती का, हे काहीही वेगळे काढता येत नाही. ०.०००९ फक्त योगायोगाला बाजूला सारते. फरक स्क्रीनमुळेच पडला असे ती म्हणत नाही. सहा जणांनी आधी जुनी व सहा जणांनी आधी नवी स्क्रीन वापरली असेल, आणि कोणी आधी काय वापरायचे हे चिठ्ठ्या टाकून किंवा RAND() ने ठरवले असेल, तर ही शंका बरीच कमी होते. आपल्या मोजणीत तसे झाले नसेल, तर वरच्या परिच्छेदाला एक वाक्य जोडा: ‘सर्वांनी नवी स्क्रीन नंतर वापरली, त्यामुळे बचतीचा काही भाग सरावाचा असू शकतो.’ आणि जमल्यास त्याच १२ जणांपैकी काहींना चार दिवस पुन्हा जुन्या स्क्रीनवर बसवून वेळ मोजा. वेळ परत जुन्या पातळीला गेला तर फरक स्क्रीनचा मानायला बळ मिळते. तो १७ च्या आसपासच राहिला तर खर्चाचा प्रस्ताव पुढे नेण्याआधी थांबा.